योगा-पिलाटीस घरी करताना अनवाणी की पातळ बूट? टाच दुखतेय त्यांच्यासाठी जरा सविस्तर

प्रश्न: मी बेळगाव शहापूरला राहते, वय ४४. सकाळी हॉलमध्ये टाइल्सवर मॅट घालून योगा करते, आठवड्यात तीन दिवस व्हिडिओ बघून पिलाटीस आणि शेवटी थोडं जंपिंगवालं वर्कआउट. महिनाभर झालं, सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की उजवी टाच टोचल्यागत दुखते, चाललं की कमी होते. मुलगा म्हणतो ते पातळ सोलचे बेअरफूट शूज ऑनलाइन मागव, योगाच्या मॅडम म्हणतात अनवाणीच बरं. शुगर बॉर्डरलाइन आहे. काय घालू?

उत्तर:

ताई, योगा आणि मॅटवरचं पिलाटीस अनवाणीच करा. जंपिंग टाच दुखतेय तोवर बंद, आणि पुढं परत सुरू कराल तेव्हा ते नेहमीच्या जाड, मऊ सोलच्या स्पोर्ट शूजमध्ये करायचं, पातळ बुटात नाही. मुलगा म्हणतोय ते बूट वाईट नसतात, पण त्यांची जागा तुमच्या वर्कआउटच्या मधल्या भागात आहे, म्हणजे स्क्वॉट, लंज, डंबेल घेऊन करायचे प्रकार, आणि ते पण टाच शांत झाल्यावर. मॅडम आणि मुलगा दोघं बरोबरच बोलतात, फक्त दोघं वेगवेगळ्या व्यायामाबद्दल बोलतात.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बेळगावात प्रॅक्टिस करते आणि संध्याकाळी मॅट पिलाटीसची छोटी बॅच घेते, त्यामुळं हा प्रश्न माझ्याकडं सारखा येतो. पण बुटाचं बोलायच्या आधी तुम्ही शुगर म्हणालात ते बघू. शुगर वाढलेल्या माणसाच्या तळपायाची जाणीव हळूहळू कमी होते आणि बॉर्डरलाइनवाल्यांच्यात पण कधीकधी ती कमी झालेली सापडते, त्यांना स्वतःला पत्ताच नसतो. घरी करता येण्यासारखी एक साधी तपासणी आहे. तुम्ही डोळे मिटून पलंगावर पडा, मुलाला सांगा की दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकाला त्याच्या बोटाने नुसतं हलकं टेकवायचं, दाबायचं नाही, टिचकी मारायची नाही, एक-दोन सेकंद बस्स. टेकवलं की तुम्ही उजवा का डावा ते सांगायचं. सहा जागा होतात. त्यातल्या दोन किंवा जास्त कळल्या नाहीत तर डॉक्टरकडं जाऊन पाय नीट तपासून घ्या, आणि तोवर घरात पण अनवाणी फिरू नका. खडा टोचला, भेग चिघळली, फोड आला तरी कळत नाही, आणि अशा पायाला मग जखम लवकर भरत नाही. अशांना मी मॅटपर्यंत चप्पल घालून जायला सांगते, झोपून-बसून करायचे प्रकार तेवढे अनवाणी, आणि व्यायाम झाला की दोन्ही तळपाय आरशात बघायचे. सहाच्या सहा कळल्या तर पुढचं वाचा.

अनवाणी का म्हणते ते सांगते. तुम्ही ताडासन, वृक्षासन, वीरभद्रासन करता तेव्हा पाय जमिनीकडून माहिती घेत असतो, वजन टाचेकडं गेलं का अंगठ्याखाली आलं, आतल्या बाजूला कलतंय का बाहेर, आणि त्याप्रमाणं बोटं आणि तळव्यातले बारके स्नायू क्षणाक्षणाला जुळवून घेतात. बुटात बोटं एकत्र आवळली गेली की हे काम अर्धं बंद पडतं आणि तोल सांभाळायचं काम घोटा आणि गुडघ्यावर जातं. शिवाय मॅटवर बूट अडचणच करतो. अधोमुख श्वानासनात टाच खाली न्यायची असते, तिथं स्पोर्ट शूजची टाच पंज्यापेक्षा आठ-दहा मिलिमीटर उंच असली की पोटरी नीट ताणली जातच नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं काय मस्त टाच टेकली. पिलाटीसमध्ये तर अर्धा वेळ पाय हवेतच असतात, तिथं बुटाचा उपयोगच काय, उगाच पायाच्या टोकाला वजन लोंबकळतं आणि कंबर उचलली जाते.

मॅटचं पण बघा की. बाजारात त्या दहा-पंधरा मिलिमीटरच्या फोमसारख्या मऊ मॅट मिळतात ना, त्या पाठीवर पडून पिलाटीस करायला छान, मणक्याला टोचत नाही. पण त्यावर एका पायावर उभं राहिलं की पाय रुततो, घोटा हलत राहतो आणि माणसाला वाटतं आपला बॅलन्स गेला. उभ्या आसनांना चार ते सहा मिलिमीटरची मॅट पुरे. सतरंजी टाइल्सवर नका घालू, पाय मागं रेटला की सतरंजीच सरकते, चादर तर त्याहून वाईट. पायाला घाम येत असेल नाहीतर थंडीत फरशी गार लागत असेल तर खाली रबराचे ठिपके असलेले ग्रिप सॉक्स मिळतात, ते घाला, त्यात पायाची हालचाल अडत नाही. साधे मोजे मात्र टाइल्सवर अजिबात नकोत, घसरतात.

आता अनवाणी कुठं चालत नाही ते. आपल्याकडं तालमीत पैलवान अनवाणी जोर-बैठका मारतात, उड्या मारतात, म्हणून लोक मला म्हणतात की ते करतात मग आम्ही का नाही. अहो, ते लाल मातीत करतात, ती माती खणून भुसभुशीत केलेली असते, पाय पडला की ती दबते. आणि ते पोरवयापासून करत आलेत. तुमच्या हॉलमधली व्हिट्रिफाइड टाइल काय किंवा जुन्या घरातली शहाबादी काय, सिमेंटवर बसवलेली असते, ती एक केससुद्धा दबत नाही. वर सहा मिलिमीटरची योगा मॅट घातली तरी उडीच्या हिशोबानं ती काहीच नाही. तुम्ही चवड्यावर उतरता तेव्हा सगळा भार पोटरी, टाचेच्या मागची जाड शीर आणि बोटांच्या मागची लांब हाडं घेतात. पातळ बूट इथं मदत करत नाही, कारण त्याचं कामच ते नाही, तो पाय झाकतो, धक्का पचवत नाही.

यावर एक अभ्यास झालाय तो सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत ब्रिघम यंग युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी २०१३ साली पळणाऱ्या माणसांना दहा आठवड्यांत हळूहळू पाच बोटंवाल्या पातळ बुटांची सवय करायला लावली आणि आधी-नंतर पायाचा एमआरआय काढला. पातळ बूटवाल्या गटात निम्म्याहून जास्त जणांच्या पायाच्या हाडात सूज वाढलेली दिसली, नेहमीच्या बूटवाल्यांच्यात तेवढी नाही. आणि गंमत म्हणजे त्याच युनिव्हर्सिटीच्या २०१९ च्या अभ्यासात उलट बाजू दिसली, लोकांना पातळ बुटात पळायचं नाही तर नुसतं चालायला लावलं, आणि आठ आठवड्यांत त्यांच्या तळव्यातल्या स्नायूंची ताकद पायाचे वेगळे व्यायाम करणाऱ्यांच्या एवढीच वाढली. म्हणजे हे बूट चालायला, उभं राहायला चांगले, पण आदळण्याच्या कामाला सवय नसताना घातले तर हाडाला त्रास. घरी केलेलं जंपिंग त्या आदळण्यातच येतं.

आता तुमची टाच. सकाळचं पहिलं पाऊल दुखणं आणि मग चालल्यावर कमी होणं, हे ऐकून मला तरी तळपायाच्या पडद्याचं दुखणं वाटतं, ज्याला डॉक्टर प्लांटर फॅसायटिस म्हणतात. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो. अंगठा वर वळला की हा पट्टा ताणला जातो आणि पायाची कमान उचलली जाते. त्यामुळं बोटं मुडपून जे जे करता, म्हणजे प्लँक, मागं पाय टाकून लंज, चवड्यावर उभं राहणं, तिथं तो पट्टा ताठ होतो. उड्या म्हणजे ताठ पट्ट्यावर वर आणखी दणका. तुमच्या वर्कआउटमध्ये हे सगळं एकाच सकाळी येतं आणि वरनं दिवसभर किचनमध्ये अनवाणी उभं राहणं असतंयच.

माझ्याकडं आलेल्या वडगावच्या एका वहिनींचं सांगते, तुमच्यासारखंच होतं म्हणून. वय सत्तेचाळीस, कापडाच्या दुकानात दिवसभर उभ्या, सकाळी योगा आणि व्हिडिओ बघून उड्या. त्यांनी टाच दुखायला लागल्यावर पातळ बूट घेतले, पहिल्याच दिवसापासून ते घालून दुकानात पण उभ्या राहिल्या, उड्या पण मारल्या, आणि तीन आठवड्यांत टाचेचं दुखणं इतकं वाढलं की रात्री पाय टेकवेना. आम्ही काय केलं तर बूट आधी बाजूला ठेवायला लावले. घरात आणि दुकानात एमसीआर चप्पल, ती मऊ रबराची मधुमेहवाल्यांना देतात ना तीच, आपल्याकडं कुठल्याही ऑर्थोपेडिक चपलांच्या दुकानात मिळते. सकाळी पलंगावरनं उतरायच्या आधीच अंगठा हातानं वर ओढून तळवा ताणायचा, दहा सेकंद, दहा वेळा, मगच पाय खाली. योगा चालू ठेवला, अनवाणीच, पण प्लँक गुडघ्यावर आणि लंजच्या जागी खुर्ची धरून स्क्वॉट. उड्या पूर्ण बंद.

मग मुख्य काम, टाच उचलायचा व्यायाम. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडा ठेवायचा, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, म्हणजे बोटं वर वळलेली राहतात आणि पट्ट्यावर ताण येतो. कठडा धरून एका पायावर तीन सेकंदांत टाच वर, वर दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली. बारा वेळा, असे तीन सेट, एक दिवसाआड. एका पायावर जमलं नाही तर आधी दोन पायांवर. जमायला लागलं की वेळा कमी करून दहा, मग आठ, आणि पाठीवर पोराची दप्तराची बॅग पुस्तकं भरून. हा प्रकार डेन्मार्कमधल्या २०१५ च्या अभ्यासातला आहे, त्यात तीन महिन्यांनी नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा या लोकांना जास्त फरक पडला, वर्षाच्या शेवटी मात्र दोन्ही गट सारखेच. म्हणजे लवकर आराम पडतो एवढंच, चमत्कार नाही. करताना थोडं दुखलं तर चालतंय, पण दुसऱ्या दिवशी सकाळचं पहिलं पाऊल आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखलं तर वजन कमी करायचं. हे सकाळचं पहिलं पाऊलच तुमचा मीटर समजा, मी पेशंटला दहापैकी किती दुखलं ते कॅलेंडरवर लिहायला सांगते.

वहिनींचं सातवरनं दोनवर यायला अडीच महिने गेले. त्यानंतर आम्ही पातळ बूट परत काढले, पण व्यायामाच्या वेळी फक्त, पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं स्क्वॉट आणि डंबेलला, एक दिवसाआड. मग दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवत अर्धा तास. दुकानात एमसीआर चप्पलच. उड्यांना त्यांचे जुने जाड सोलचे बूट, ते पण सुरुवातीला दोन पायांवर छोट्या उड्या, वीस-तीस, बास. वाढवताना कसं बघायचं तर पोटरी एक-दोन दिवस दुखली तर घाबरायचं नाही, नवीन काम लागलंय तिला. पण पायाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या मागं, एका ठरावीक ठिकाणी बोट दाबलं की हाड दुखतंय, वर सूज वाटतेय, तर त्या दिवशीच थांबा, बूट बंद आणि डॉक्टर. तो स्नायू नसतो, हाड कुरकुरत असतं, आणि दुर्लक्ष केलं तर बारीक फ्रॅक्चर होतं.

आता बूट घ्यायचेच झाले तर कसे बघायचे. संध्याकाळी, पाय दिवसभरानं थोडा फुगलेला असतो तेव्हा, कागदावर उभं राहून पेन सरळ धरून पायाभोवती रेघ मारा, दोन्ही पायांची. बूट आला की त्यातला आतला पातळ सोल बाहेर काढून त्या चित्रावर ठेवा. चित्र कुठंही बाहेर येत असेल, विशेषतः करंगळीकडं, तर तो बूट परत पाठवा, कितीही नावाजलेला असू दे. लांबीला अंगठ्याच्या पुढं नखभर ते अर्धा इंच जागा हवी. मग बूट हातात घेऊन पुढच्या भागात वाकवा, बोटांच्या रेषेत सहज दुमडला पाहिजे, आणि टॉवेल पिळतात तसा पिळून बघा, पिळता आला पाहिजे. मध्येच कडक वाटला तर तो नावालाच बेअरफूट. टाच आणि पंजा एका पातळीत, त्यालाच ते झिरो ड्रॉप म्हणतात. सोल एकूण पाच ते दहा मिलिमीटरच्या आसपास, त्याहून पातळवाले पण मिळतात पण पहिल्यांदा घेणाऱ्यानं आणि टाच दुखून गेलेल्यानं तिकडं जाऊ नये. खालचं रबर सपाट आणि टाइलवर पकड घेणारं हवं, ओल्या कपड्यानं फरशी पुसून घरातच चालून बघा. आपल्याकडं पावसाळ्यात जूनपासून फरशीला ओल सुटते, खानापूर-जांबोटीकडं तर विचारूच नका, तिथं ही पकड जास्त महत्त्वाची. आणि टाचेला मागनं नीट धरलं पाहिजे, नाहीतर लंजला पाय बुटात पुढं सरकतो आणि बोटं आदळतात.

महागाचेच घ्यायला पाहिजेत असं नाही. शाळेच्या पोरांचे पांढरे कॅनव्हासचे पीटी शूज आठवतात का, सपाट, लवचिक, पातळ सोल, स्क्वॉटसाठी तेवढंच पुरतंय, फक्त ते बोटांकडं अरुंद असतात म्हणून कागदाची टेस्ट करा, बऱ्याचदा एक नंबर मोठा लागतो. कोणीतरी मला विचारलं होतं की आमच्या अथणी-निपाणीच्या कोल्हापुरी चपला पण सपाटच असतात की, त्या चालतील का. चालायला सुंदर आहेत, वाद नाही, २०१९ मध्ये त्यांना जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं त्यात बेळगाव जिल्हा पण आहे. पण व्यायामाला नाही, टाच मागं मोकळी असते, नवी असताना चामडं कडक आणि टाइलवर घसरतं. त्यात स्क्वॉट करायला गेलात तर बोटं आवळून चप्पल धरून ठेवायलाच सगळी ताकद जाईल.

घरात बूट घालण्यावरनं सासूबाई किंवा आई बोलतात, ते पण खरंच आहे, देवघर त्याच हॉलला लागून असतंय. म्हणून ही जोडी घरातलीच ठेवा, बाहेर एकदा पण घालायची नाही, पिशवीत ठेवून मॅटजवळच काढायची. वाळूचा खडा सोलला अडकला तर मॅट पण फाटते. आणि पातळ बूट घातले म्हणून डंबेल पायावर पडला तर काही वाचत नाही हे लक्षात असू दे, त्याला अनवाणी आणि पातळ बूट एकच.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आत्ता काही मागवू नका. आधी मुलाकडनं ती सहा जागांची टेस्ट करून घ्या, एमसीआर चप्पल आणा, उड्या थांबवा, जिन्यावरचा व्यायाम सुरू करा आणि सकाळचा आकडा लिहीत जा. तो आकडा सलग दोन आठवडे दोनच्या खाली राहिला की मग बूट मागवा. सहा आठवड्यांत आकडा अजिबात हललाच नाही, किंवा टाच रात्री झोपेत दुखायला लागली, दोन्ही टाचा एकदम दुखून सकाळी कंबर पण अर्धा-एक तास आखडलेली राहते, टाचेत मुंग्या येतात, यातलं काहीही असलं तर हा माझा सगळा हिशोब बाजूला ठेवा आणि ऑर्थोपेडिककडं जा, ती दुखणी वेगळी असतात आणि त्यांना बुटानं काही होत नाही.